दह्यातले वीस कोटी: आकडा आला कुठून?

इंग्लंडमधले शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांना दूध नेमक्या कोणत्या जीवाणूमुळे आंबते हे शोधायचे होते. १८७०च्या दशकात त्यांनी त्यासाठी एक युक्ती केली. आंबलेल्या दुधात जीवाणू साधारण किती दाट आहेत याचा अंदाज सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि ते दूध उकळलेल्या पाण्यात इतके पातळ केले, की एका बारीक थेंबात सरासरी एखादाच जीवाणू यावा. असे थेंब त्यांनी निर्जंतुक दुधाच्या वेगवेगळ्या पेल्यांत सोडले. काही पेल्यांतले दूध विरजले, काहींतले तसेच राहिले. एकाच जीवाणूपासून वाढलेले शुद्ध विरजण हाती येण्याचा मार्ग त्यातून सापडला.

टप्प्याटप्प्याने पातळ करण्याची हीच रीत, म्हणजे सिरियल डायल्यूशन, आज सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेत जीवाणू मोजण्यासाठी वापरतात. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ती पहिल्या वर्षीच शिकवतात आणि हाताला ती लवकर बसतेही. गाडी अडते ती अहवाल लिहिताना. अहवालात शेवटी एक भला मोठा आकडा दिलेला असतो. तो कसा आला हे वाचणाऱ्याला शोधून काढायचे म्हटले, तर वाट मध्येच बुजलेली दिसते.

हे जीवाणूंच्या मोजणीतच का होते, त्याला कारण आहे. वजन काट्यावर दिसते, तापमान तापमापीवर दिसते. दह्यातले वीस कोटी जीवाणू मात्र कोणीच मोजलेले नसतात. मोजलेल्या असतात प्लेटवरच्या दोनशे कॉलनी. उरलेली दहा लाखपट कागदावरच्या गुणाकारातून येते. त्या गुणाकारातला एक दुवा जरी लिहायचा राहिला, तरी निकाल दहापटीने वर किंवा खाली सरकू शकतो आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून अशा अहवालाला एकच कसोटी पुरेशी आहे: शेवटच्या आकड्यापासून मागे चालत जाऊन वाचकाला प्लेटपर्यंत पोहोचता आले पाहिजे.

हे नीट समजण्यासाठी घरच्या दह्याचे एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, पण चांगल्या विरजलेल्या दह्यात असेच आकडे मिळतात.

प्रयोग काय होता

दही नीट ढवळून त्यातले १० ग्रॅम निर्जंतुक बाटलीत घेतले. त्यात ९० मिलिलिटर डायल्युएंट घातले, म्हणजे ०.१ टक्का पेप्टोन आणि ०.८५ टक्के मीठ असलेले निर्जंतुक पाणी. नुसते पाणी चालत नाही, कारण त्यात जीवाणूंच्या पेशींना क्षारांच्या फरकाचा धक्का बसतो आणि त्यातल्या काही मरतात. ही झाली १०⁻¹ची बाटली. तिच्यातले १ मिलिलिटर घेऊन ९ मिलिलिटर डायल्युएंट असलेल्या नळीत मिसळले, की १०⁻² तयार होते. त्या नळीतून पुढच्या नळीत पुन्हा १ मिलिलिटर, असे करत १०⁻⁶पर्यंत जायचे.

शेवटच्या तीन नळ्यांतले प्रत्येकी ०.१ मिलिलिटर एमआरएस आगरच्या दोन-दोन प्लेटवर पसरले. लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढवण्यासाठी हे माध्यम १९६० पासून वापरात आहे. ३० अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवल्यावर प्लेटवरच्या कॉलनी मोजल्या.

हेच काम बहुतेक अहवालांत असे लिहिलेले आढळते: ‘दह्याचे सिरियल डायल्यूशन करून योग्य डायल्यूशन एमआरएस आगरवर लावले. कॉलनी मोजून सीएफयू काढले.’ या दोन वाक्यांत खोटे काहीच नाही, पण यांच्या आधारे दुसऱ्या कोणाला हा प्रयोग करता येणार नाही आणि उत्तरही पडताळता येणार नाही. किती दही घेतले, कशात मिसळले, दर टप्प्याला किती पातळ केले, प्लेटवर किती टाकले आणि ‘योग्य’ म्हणजे काय, यातले काहीच सांगितलेले नाही.

१:१० म्हणजे नक्की किती?

पद्धती विभागातला सर्वांत मोठा घोटाळा एका साध्या खुणेतून होतो. ‘प्रत्येक टप्प्यावर १:१० डायल्यूशन केले’ असे लिहिले, की काही जण त्याचा अर्थ एक भाग नमुना आणि नऊ भाग डायल्युएंट, म्हणजे एकूण दहा भाग, असा घेतात. काहींना ते एक भागात दहा भाग मिसळणे वाटते, आणि मग एकूण अकरा भाग होतात. एका टप्प्यापुरता हा फरक दहा टक्क्यांचा आहे आणि कोणी मनावर घेणार नाही. पण हा फरक प्रत्येक टप्प्यावर गुणला जातो. पाच टप्प्यांनंतर १.१चा पाचवा घात होतो १.६१. म्हणजे एकाने दहापटीचा आणि दुसऱ्याने अकरापटीचा हिशेब धरला, तर त्याच प्लेटवरून काढलेल्या दोघांच्या उत्तरांत साठ टक्क्यांहून अधिक अंतर पडते.

यावर उपाय सोपा आहे. गुणोत्तर लिहूच नये, प्रत्यक्ष आकारमान लिहावे: ‘१ मिलिलिटर नमुना ९ मिलिलिटर डायल्युएंटमध्ये मिसळला.’ मग शंकेला जागाच उरत नाही.

दुसरा घोटाळा प्लेटवर टाकलेल्या आकारमानाचा. प्लेटवर १०⁻⁵च्या नळीतले ०.१ मिलिलिटर गेले, म्हणजे मूळ दह्याचा दहा लाखावा भाग, १०⁻⁶ ग्रॅम. काही प्रयोगशाळांत प्लेटवर नळीचाच क्रमांक घालतात. काही ठिकाणी ०.१चा भाग आधीच धरून त्याच प्लेटवर १०⁻⁶ लिहितात. दोन्ही रीती चालतात, पण अहवालात कोणती वापरली ते सांगितले नाही, तर वाचणारा एक शून्य जास्त किंवा कमी धरणार हे ठरलेलेच. म्हणून नळीचे डायल्यूशन आणि प्लेटवर टाकलेले आकारमान हे दोन आकडे नेहमी वेगळे लिहावेत, एकात मिसळू नयेत.

तिसरी गोष्ट मिसळण्याची, आणि ती बहुतेकांकडून राहून जाते. दह्यातले जीवाणू सुटे नसतात, जोड्यांनी आणि साखळ्यांनी राहतात. आठ पेशींची साखळी प्लेटवर एकाच जागी पडली, तर तिची एकच कॉलनी उमटते. म्हणूनच निकाल ‘इतके जीवाणू’ असा न लिहिता ‘इतके कॉलनी फॉर्मिंग युनिट’, म्हणजे सीएफयू, असा लिहितात. नळी जोरात आणि पुरेसा वेळ हलवली, की साखळ्या तुटतात आणि आकडा वाढतो. तेव्हा किती सेकंद आणि कशाने हलवले, हे निकालावर परिणाम करणारे माप आहे. अहवालात त्याला जागा मिळायलाच हवी.

हे सगळे धरून पद्धतीचा परिच्छेद असा होईल:

‘ढवळलेले १० ग्रॅम दही ९० मिलिलिटर निर्जंतुक डायल्युएंटमध्ये (पेप्टोन ०.१ टक्का, मीठ ०.८५ टक्के) घालून दोन मिनिटे हलवले (१०⁻¹). त्यातून १ मिलिलिटर ९ मिलिलिटर डायल्युएंटमध्ये मिसळून, याच रीतीने १०⁻⁶पर्यंत डायल्यूशन केले. प्रत्येक नळी व्हॉर्टेक्सवर दहा सेकंद हलवली आणि प्रत्येक टप्प्याला नवी टिप वापरली. १०⁻⁴, १०⁻⁵ व १०⁻⁶च्या नळ्यांतील प्रत्येकी ०.१ मिलिलिटर एमआरएस आगरच्या दोन प्लेटवर पसरले. प्लेट ३० अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवल्या. ३० ते ३०० कॉलनी असलेल्या प्लेट हिशेबात धरल्या.’

परिच्छेद लांबलेला नाही. पण यात दिलेल्या मापांवरून अनोळखी माणूसही हाच प्रयोग पुन्हा करू शकेल.

३० ते ३०० का?

परिच्छेदातले शेवटचे वाक्य ‘योग्य डायल्यूशन’ या मोघम शब्दांची जागा घेते. प्लेटवर कॉलनी फार झाल्या, की त्या एकमेकींना चिकटतात, अन्नासाठी झगडतात, काही वाढतच नाहीत आणि मोजणी खऱ्यापेक्षा कमी भरते. फार थोड्या असल्या, तर योगायोगाचा वाटा मोठा होतो. चांगल्या मिसळलेल्या द्रवातून घेतलेल्या थेंबात किती जीवाणू येतील यात होणारा चढउतार साधारणपणे मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. ४०० कॉलनी मोजल्या तर चढउतार २०चा, म्हणजे पाच टक्के. २० मोजल्या तर साडेचारच्या आसपास, म्हणजे बावीस टक्के. खालची मर्यादा घालण्याचे कारण हेच.

ही मर्यादा सगळीकडे एकच नाही. काही प्रमाणित पद्धतींत ती २५ ते २५० आहे. म्हणून आपण कोणती धरली ते पद्धती विभागात सांगायचे, आणि तेही प्लेट मोजण्यापूर्वी ठरवून. मोजून झाल्यावर सोयीची प्लेट निवडली, तर सोयीचेच उत्तर मिळते.

निकालात आधी कच्चे आकडे

निकाल विभागाची सुरुवात अंतिम आकड्याने न करता प्लेटवर दिसलेल्या आकड्यांनी करावी.

| नळीचे डायल्यूशन | प्लेटवर टाकलेले आकारमान | पहिली प्लेट | दुसरी प्लेट |
|---|---|---|---|
| १०⁻⁴ | ०.१ मिलिलिटर | मोजण्यापलीकडे | मोजण्यापलीकडे |
| १०⁻⁵ | ०.१ मिलिलिटर | १९६ | २०८ |
| १०⁻⁶ | ०.१ मिलिलिटर | २३ | १८ |

हिशेबात फक्त मधली ओळ धरायची आहे. मग बाकीच्या दोन कशाला दाखवायच्या, असे विद्यार्थी हमखास विचारतात. कारण त्या दोन ओळी मधल्या ओळीची साक्ष देतात. १०⁻⁵ची सरासरी २०२ आहे. दहापट पातळ केल्यावर विसाच्या आसपास कॉलनी मिळायला हव्या होत्या, आणि साडेवीस मिळाल्या. डायल्यूशन बरोबर झाले याचा हा पुरावा आहे.

आता समजा १०⁻⁶वर २३ आणि १८ ऐवजी ६५ आणि ७१ मिळाल्या असत्या. दहापट पातळ करूनही आकडा तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच उतरला, तर काहीतरी बिनसले आहे. एकच टिप शेवटपर्यंत वापरली, तर तिच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेले दाट द्रव पुढच्या नळीत उतरते आणि असाच परिणाम होतो. किंवा १०⁻⁵च्या प्लेटवर गर्दी होऊन कॉलनी एकमेकींत मिसळल्या असतील. मग त्या प्लेटवरच्या कॉलनी लहान आणि चिकटलेल्या दिसतील, आणि त्यावरून पहिले कारण की दुसरे हे ओळखता येते. जोडीच्या प्लेटचेही तसेच आहे. १९६ आणि २०८ यांच्यातला फरक योगायोगाने पडू शकतो. १२० आणि २८० यांच्यातला सहसा पडत नाही. तिथे नळी नीट हलवली नव्हती किंवा पिपेटने मोजण्यात चूक झाली, असे समजावे. कच्चे आकडे झाकून फक्त सरासरी दिली, तर २००च्या आसपासची सरासरी दोन्ही जोड्यांतून निघते आणि वाचणाऱ्याला दोन्ही प्रयोग सारखेच चांगले वाटतात.

गुणाकार एकदा तरी पूर्ण दाखवावा

तक्त्यानंतर एक नमुना हिशेब लिहावा. नमुने दहा असले, तरी एकाचाच पूर्ण हिशेब पुरतो, बाकीचे त्याच रीतीने केले असे सांगितले की झाले. सूत्र असे:

सीएफयू प्रति ग्रॅम = सरासरी कॉलनी ÷ (प्लेटवरचे आकारमान × नळीचे डायल्यूशन)

आपल्या दह्यासाठी:

२०२ ÷ (०.१ × १०⁻⁵) = २०२ ÷ १०⁻⁶ = २.०२ × १०⁸

हेच टप्प्याटप्प्याने पाहू. ०.१ मिलिलिटरमध्ये २०२ निघाले, म्हणजे नळीतल्या एका मिलिलिटरमध्ये २,०२०. ती नळी मूळ दह्याच्या एक लाखपट पातळ आहे, म्हणून २,०२० गुणिले १,००,०००, म्हणजे २०,२०,००,०००. वीस कोटी वीस लाख.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. १०⁻⁵ हे डायल्यूशन, तर १०⁵ हा डायल्यूशन फॅक्टर. डायल्यूशनने भागायचे असते आणि फॅक्टरने गुणायचे. अहवालात एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे लिहिले, की घातांकाचे चिन्ह कुठेतरी उलटते. दोन्हीपैकी एकच घ्यावे आणि ते शेवटपर्यंत सांभाळावे.

एककाकडेही लक्ष हवे. आपण दही वजन करून घेतले, म्हणून उत्तर प्रति ग्रॅम आहे. ते प्रति मिलिलिटर लिहायचे असेल, तर सुरुवातीला दही मापून घ्यायला हवे होते. ‘२.० × १०⁸ सीएफयू’ एवढेच लिहून पुढे काहीच नसेल, तर तो आकडा चमच्याचा की वाटीचा, कोणी सांगावे?

या सगळ्या काटेकोरपणाचा व्यवहारात उपयोग आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या आंबवलेल्या दुधाच्या पदार्थांत विरजणाचे जीवाणू प्रति ग्रॅम किमान १०⁷ सीएफयू असावेत, असे कोडेक्सचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ज्या दह्यात खरोखर ५ × १०⁷ सीएफयू आहेत, त्याच्या हिशेबात ०.१ मिलिलिटर धरायचे राहिले, तर उत्तर ५ × १०⁶ येईल. दही चांगले आहे, प्लेट चांगल्या आहेत, मोजणी अचूक आहे, आणि तरीही ते कागदावर नापास होते. नमुना हिशेब छापलेला असेल, तर ही चूक वाचणाऱ्याला लगेच दिसते.

किती अंक लिहायचे?

कॅल्क्युलेटरने २०,२०,००,००० दिले, म्हणून तेच छापायचे नसते. ४०४ कॉलनी मोजल्या आहेत, त्यांचा योगायोगाचा चढउतार साधारण वीसचा, म्हणजे पाच टक्क्यांचा. खरा आकडा दोन्ही बाजूंनी दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे १.८ ते २.२ × १०⁸ यांच्या मध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. पिपेटची आणि वजनाची चूक त्यात आणखी भर घालते. असे असताना २.०२मधल्या शेवटच्या २ला काही अर्थ उरत नाही. म्हणून दोनच अंक ठेवून २.० × १०⁸ लिहायचे. त्यातला दशांशानंतरचा शून्य मात्र टाकू नये, कारण आपली मोजणी दुसऱ्या अंकापर्यंत विश्वासाची आहे हे तो सांगतो. अंक कमी करायचे ते अगदी शेवटी. मधल्या पायरीवर २०२चे २०० केले आणि पुढे पुन्हा अंक कमी केले, की चूक साचत जाते.

शून्य लिहिताना

उलट्या टोकालाही एक अडचण उभी राहते. समजा याच दह्यात कोलिफॉर्म जीवाणू आहेत का हे पाहायचे म्हणून १०⁻¹च्या बाटलीतले ०.१ मिलिलिटर दोन प्लेटवर पसरले आणि एकही कॉलनी आली नाही. अहवालात ‘कोलिफॉर्म शून्य’ लिहिण्याचा मोह होतो. पण दोन्ही प्लेटवर मिळून दही गेले ते ०.०२ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पन्नासावा भाग. तेवढ्यात काही सापडले नाही, इतकेच आपल्याला माहीत आहे. एक कॉलनी जरी आली असती, तरी उत्तर प्रति ग्रॅम ५० निघाले असते. तेव्हा खरे विधान आहे ‘प्रति ग्रॅम ५० सीएफयूपेक्षा कमी’. यापेक्षा खाली बघायचे असेल, तर प्लेटवर जास्त दही टाकायला हवे. मर्यादा ठरते ती प्रयोगाच्या आखणीने, म्हणून ती कशी काढली तेही पद्धती विभागात एका वाक्यात सांगावे.

आपल्या दह्याच्या निकालाचे वाक्य आता असे होते: ‘दह्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू प्रति ग्रॅम २.० × १०⁸ सीएफयू आढळले (१०⁻⁵ डायल्यूशन, दोन प्लेट, एकूण ४०४ कॉलनी). कोलिफॉर्म प्रति ग्रॅम ५० सीएफयूपेक्षा कमी होते.’

अहवाल देण्यापूर्वी तो प्रयोगशाळेत त्या दिवशी नसलेल्या वर्गमित्राच्या हाती द्यावा, शेवटचा आकडा बोटाने झाकावा आणि पद्धतीचा परिच्छेद व तक्ता यांवरूनच उत्तर काढायला सांगावे. त्याने काहीही न विचारता २.० × १०⁸ काढले, तर अहवाल तयार आहे. त्याने मध्येच ‘प्लेटवर किती टाकलं होतंस?’ असे विचारले, तर अहवालात काय लिहायचे राहिले ते तिथेच कळते.